सावत्र वडील किंवा एकटी स्त्री दत्तक घेते तेव्हा संमती कोणाकोणाची लागते?

प्रश्न: माझा घटस्फोट होऊन पाच वर्षं झाली. मुलगा नऊ वर्षांचा आहे, ताबा माझ्याकडे आहे. त्याचे वडील चार वर्षांत एकदाही भेटायला आले नाहीत, पोटगीही थांबवली. दोन वर्षांपूर्वी मी दुसरं लग्न केलं. माझ्या यजमानांना पहिल्या लग्नाची एक मुलगी आहे आणि त्यांना माझ्या मुलाला कायदेशीर दत्तक घ्यायचं आहे. आम्ही दुसऱ्या बाळाचाही विचार करतोय. मुलाच्या वडिलांची सही लागेलच का? माझी बहीण ३८ वर्षांची, अविवाहित आहे, तिला मुलगी दत्तक घ्यायची आहे. तिला कोणाची परवानगी लागते? आम्ही हिंदू आहोत.

उत्तर:

हो, वडिलांची सही लागेल. बहिणीला मात्र स्वतःच्या घरातल्या कोणाचीच परवानगी लागत नाही. दोन्ही उत्तरं एकाच तत्त्वातून निघतात. दत्तक म्हणजे एकाने देणं आणि दुसऱ्याने घेणं, आणि कायदा संमती मागतो ती देण्याचा हक्क असलेल्यांची, शिवाय घेणाऱ्याचा जोडीदार असेल तर त्याची. मूल कोण सांभाळतं, फी कोण भरतं, आजारपणात रात्री जागं कोण राहतं, हे मुलाचं हित ठरवताना विचारात येतं. देण्याचा हक्क त्यावरून ठरत नाही.

आधी तुमच्या मुलाचं बघू.

हिंदूंसाठी हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा, १९५६ आहे. बौद्ध, जैन आणि शीख यांनाही तोच लागू होतो. त्यातलं कलम ९ मूल दत्तक देण्याचा अधिकार फक्त आई, वडील आणि काही मोजक्या परिस्थितीत पालक यांना देतं. २०१० पर्यंत हा अधिकार आधी वडिलांचा होता आणि आईची फक्त संमती लागायची. २०१० च्या दुरुस्तीने दोघांचा अधिकार समान केला, म्हणजे आता तुम्हीही मूल देऊ शकता. पण त्याच दुरुस्तीत अट आहे की दोघांपैकी एकाने दुसऱ्याच्या संमतीशिवाय हा अधिकार वापरायचा नाही. या अटीला तीनच अपवाद आहेत: दुसऱ्याने पूर्णपणे संन्यास घेतला असेल, तो हिंदू राहिला नसेल, किंवा सक्षम न्यायालयाने त्याला विकलमनस्क, म्हणजे सुदृढ मनाचा नसलेला, ठरवलं असेल. वडील हयात नसतील तर मृत्यूचा दाखला पुरतो.

घटस्फोट या यादीत नाही. ताब्याचा हुकूम नाही. पोटगी थकवणं, भेटायला न येणं, दुसरं लग्न करून मोकळं होणं, यातलंही काही नाही. घटस्फोटाने नवरा-बायकोचं नातं संपतं, बाप आणि मुलाचं संपत नाही. ‘ताबा माझ्याकडे आहे म्हणजे सगळे हक्क माझ्याकडे’ असं धरून फक्त आईच्या सहीने केलेली दत्तकपत्रं नोंदली जातात आणि वर्षानुवर्षं कोणी हरकतही घेत नाही. खटका उडतो तो पुढे, सावत्र वडील गेल्यावर. सातबाऱ्यावर वारसनोंद करताना त्यांचा भाऊ हरकत घेतो, ‘जन्मदात्या बापाची संमती कुठे आहे?’ असं विचारतो, आणि त्या एका प्रश्नावर दत्तक मुळापासून रद्दबातल ठरू शकतं. कलम १६ प्रमाणे नोंदणीकृत दत्तकपत्राच्या बाजूने न्यायालय गृहीतक धरतं खरं, पण ते खोडून काढता येतं. दस्तातच संमती नसेल तर खोडायला फारसे कष्ट पडत नाहीत.

‘मुलाला टाकून दिलं आहे असं दाखवून कोर्टाची परवानगी घेऊ’ असाही सल्ला तुम्हाला मिळेल. तो कलम ९(४) अर्धवट वाचून दिलेला असतो. मूल टाकून दिल्याचा उल्लेख त्या पोटकलमात आहे, पण ते लागू होतं आई आणि वडील दोघंही नसतील, दोघांनीही संन्यास घेतला किंवा मूल टाकून दिलं असेल, दोघंही विकलमनस्क ठरले असतील, किंवा आईबाप कोण हेच माहीत नसेल तेव्हा. त्या वेळी पालक न्यायालयाच्या पूर्वपरवानगीने मूल देतो. तुम्ही स्वतः मुलाला सांभाळत आहात, त्यामुळे हे दार तुमच्यासाठी नाही.

वडील खरोखरच बेपत्ता असतील तर गोष्ट वेगळी. ज्यांना एरवी त्यांची खबर लागली असती अशा माणसांना सात वर्षं काहीच कळलं नसेल, तर पुराव्याच्या कायद्याप्रमाणे ते हयात नाहीत असं न्यायालय धरू शकतं. त्यासाठी दिवाणी न्यायालयातून तसं जाहीर करून घ्यावं लागतं. तुमच्या बाबतीत चारच वर्षं झाली आहेत, आणि न भेटणं म्हणजे बेपत्ता असणं नव्हे. त्यांचा भाऊ त्यांच्याशी फोनवर बोलत असेल तर हा दावा टिकणार नाही.

मग व्यवहारात करायचं काय? बहुतेक वेळा वडिलांशी सरळ बोलणं हाच रस्ता निघतो. नकार येतो तो बऱ्याचदा मुलाच्या ओढीमुळे नाही, तर कशावर सही करतोय हे न कळल्यामुळे. म्हणून परिणाम त्यांना लेखी सांगा. कलम १२ प्रमाणे दत्तकाच्या तारखेपासून मुलाचं जन्माच्या कुटुंबाशी असलेलं कायदेशीर नातं तुटतं आणि दत्तक कुटुंबात जुळतं. फक्त लग्नासाठीचे निषिद्ध नातेसंबंध जन्मघराकडून तसेच राहतात. त्या तारखेनंतर मुलाची पोटगी द्यायची जबाबदारी जन्मदात्यावर राहत नाही आणि मूल त्यांचं वारस राहत नाही. मुलाच्या नावावर आधीच आलेली मिळकत मात्र त्याचीच राहते. त्यांच्याकडे वडिलोपार्जित शेती असेल तर इथे थांबून विचार करा. वाटणी न झालेल्या एकत्र कुटुंबातला जन्मसिद्ध हिस्सा दत्तक गेल्यावर टिकतो का, यावर उच्च न्यायालयांत एकमत नाही, आणि मुंबई उच्च न्यायालयाने १९९२ मध्ये तो टिकत नाही असं म्हटलं आहे. हिस्सा मोठा असेल तर आधी वाटणी, मग दत्तक.

इथे एक सापळा आहे. ‘थकलेली पोटगी सोडते, तुम्ही सही द्या’ अशी तडजोड सुचणं साहजिक आहे, पण ती करू नका. दत्तकाच्या बदल्यात पैसे किंवा मोबदला घेणं-देणं कलम १७ ने मना केलं आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे. थकबाकीची माफी आणि दत्तकाची संमती एकाच कागदावर आली की विरोधी वकिलाला आयता मुद्दा मिळतो. थकबाकीचा अर्ज त्याच्या वाटेने चालू द्या आणि संमती वेगळी, बिनशर्त घ्या.

संमतीच्या कागदात काय असावं याकडे लोक फार कमी लक्ष देतात. शंभराच्या स्टॅम्पवर ‘माझी काही हरकत नाही’ एवढंच लिहिलेलं नोटरी पत्र आणतात. कोणाच्या दत्तकाला हरकत नाही, कोणत्या मुलाच्या, परिणाम माहीत होते का, हे त्यातून कळत नाही. मजकूर साधारण असा हवा: ‘मी चि. … याचा जन्मदाता पिता. त्याची आई सौ. … यांनी त्याला त्यांचे पती श्री. … यांना हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा, १९५६ प्रमाणे दत्तक देण्यास मी संमती देत आहे. यामुळे माझे व मुलाचे कायदेशीर नाते संपुष्टात येईल हे मला समजले आहे. ही संमती मी स्वखुशीने, कोणताही मोबदला न घेता देत आहे.’ पत्राची तारीख दत्तकाच्या आधीची किंवा त्याच दिवसाची हवी. त्याहून चांगलं म्हणजे वडिलांनी दत्तकपत्रावरच संमती देणारे म्हणून सही करावी आणि दुय्यम निबंधकासमोर हजर राहावं. ते परदेशात असतील तर तिथल्या भारतीय दूतावासात सही साक्षांकित करून मूळ कागद मागवा, व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो चालत नाही. संमती त्यांची स्वतःची असली पाहिजे. मूल हाताने सोपवण्याची कृती तुम्हीच करणार आहात, तेव्हा त्यांच्या गैरहजेरीने दत्तक अडत नाही.

परस्पर संमतीच्या घटस्फोटात ‘पत्नीने पुनर्विवाह केल्यास मुलाच्या दत्तकाला हरकत नाही’ असं कलम असेल तर ते दस्तात जरूर नमूद करा, पण फक्त त्यावर विसंबू नका. तेव्हा दत्तक घेणारा माणूस कोण हेच ठरलेलं नव्हतं. ताजी सही घ्यावी, असंच माझं मत आहे.

आता घेणाऱ्या बाजूची संमती. विवाहित पुरुषाला पत्नीच्या संमतीशिवाय दत्तक घेता येत नाही, आणि इथे पत्नी तुम्हीच आहात. म्हणून दत्तकपत्रावर तुमची भूमिका दुहेरी आहे: मूल देणारी आई आणि दत्तक घेणाऱ्याची संमती देणारी पत्नी. अनेक मसुद्यांत तुमची सही फक्त देणारी म्हणून असते आणि दुसरी संमती गृहीत धरलेली असते. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं की पत्नी समारंभाला हजर होती, गप्प बसली, एवढ्याने तिची संमती सिद्ध होत नाही. ती लेखी किंवा ठोस कृतीतून दिसली पाहिजे. तेव्हा ‘पत्नी या नात्याने माझीही संमती आहे’ असा स्वतंत्र परिच्छेद आणि त्याखाली वेगळी सही ठेवा.

दत्तक कागदाने होत नाही, देण्याघेण्याच्या प्रत्यक्ष कृतीने होतं. दत्तहोम सक्तीचा नाही, पण देण्याच्या हेतूने तुम्ही मुलाचा हात यजमानांच्या हाती द्यायचा आणि त्यांनी त्याला जवळ घ्यायचं, हे घडायलाच हवं. मुलगा आधीपासून त्याच घरात राहतो म्हणून ही कृती अनावश्यक वाटते आणि नेमकी तीच गाळली जाते. घरी चार नातेवाईक बोलवा, दोन-तीन फोटो काढा आणि दस्तात तारीख, जागा व साक्षीदारांची नावं लिहा. वाक्य भूतकाळी हवं: ‘दिनांक … रोजी दत्तक दिले व घेतले.’ ‘दत्तक देण्यात येईल’ असं लिहिलेला दस्त हा फक्त भविष्याचा करार ठरतो.

दत्तकाला इतरही अटी आहेत आणि त्यातल्या एकीकडे तुम्ही तातडीने बघायला हवं. मुलगा दत्तक घ्यायचा तर घेणाऱ्याला हयात हिंदू मुलगा, मुलाचा मुलगा किंवा त्याचा मुलगा नसावा. मुलगी घ्यायची तर हयात मुलगी किंवा मुलाची मुलगी नसावी. तुमच्या यजमानांना मुलगी आहे, म्हणून आज मुलगा दत्तक घ्यायला अडचण नाही. पण बाळाचा विचार चालू आहे असं तुम्ही लिहिलं आहे. दत्तकाआधी मुलगा झाला तर १९५६ च्या कायद्याखाली तुमच्या मोठ्या मुलाचं दत्तक बंद होईल, मग वडिलांनी दहा सह्या दिल्या तरी उपयोग नाही. उलट दत्तक आधी झालं आणि नंतर मुलगा झाला तर झालेल्या दत्तकाला धक्का लागत नाही. कायद्याने झालेलं दत्तक रद्दच करता येत नाही. म्हणजे या प्रकरणात बाळंतपणाआधीची तारीख गाठणं महत्त्वाचं.

वयाचंही एक गणित आहे. दत्तक जाणारा १५ वर्षांच्या आत आणि अविवाहित असावा, रूढी वेगळी असल्याशिवाय. जुन्या मुंबई प्रांतात कोणत्याही वयाच्या व्यक्तीला दत्तक घेण्याची रूढी न्यायालयांनी मान्य केली आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये ती उचलून धरली. महाराष्ट्रात म्हणूनच ‘अठरा पूर्ण झाले की तो स्वतःच सही करेल, बापाला विचारायलाच नको’ असा गैरसमज पसरतो. रूढी वय सैल करते, देणाऱ्याची अट सैल करत नाही. सज्ञान मुलगा स्वतःला दत्तक देऊ शकत नाही, तेव्हाही आईवडिलांनीच द्यावं लागतं. थांबून काहीच हाती लागणार नाही.

दुसरा मार्ग बाल न्याय कायदा, २०१५ आणि दत्तक नियमावली, २०२२ चा. तो सर्व धर्मांना खुला आहे, मूल अठराच्या आत असलं की पुरतं आणि घेणाऱ्याला आधीचा मुलगा असणं आड येत नाही. यजमान हिंदू नसते किंवा त्यांना मुलगा असता, तर हाच एक मार्ग उरला असता. यात तुम्ही आणि यजमान मिळून ‘कारा’ या केंद्र सरकारच्या दत्तक प्राधिकरणाच्या पोर्टलवर सावत्र पालक म्हणून नोंदणी करता, कागद चढवता, जिल्हा बाल संरक्षण कक्ष पडताळणी करतो आणि मग दत्तकाच्या आदेशासाठी अर्ज जातो. नियमावलीत यासाठी संमतीचा ठरावीक नमुना आहे आणि त्यात जन्मदात्या पालकांची संमती इथेही लागतेच. मुलाच्या ताब्याचा वाद न्यायालयात चालू असेल तर तो संपेपर्यंत प्रक्रिया सुरूच होत नाही. वय आणि समज पाहून मुलाची इच्छाही विचारात घेतली जाते, तेव्हा नऊ वर्षांच्या मुलाला आपण कशासाठी आलो आहोत हे घरीच सांगून ठेवा. आदेश कोण देणार हे अर्ज तयार करण्याआधी जिल्हा बाल संरक्षण कक्षात विचारून घ्या. २०२१ च्या दुरुस्तीने हा अधिकार न्यायालयाकडून जिल्हाधिकाऱ्यांकडे दिला आणि ती दुरुस्ती १ सप्टेंबर २०२२ पासून अमलात आली. पण जानेवारी २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रलंबित प्रकरणं न्यायालयांनीच चालवावीत असा अंतरिम आदेश दिला होता. ‘चुकीच्या दारात अर्ज’ एवढ्या कारणावर महिने जातात.

तुमच्या परिस्थितीत, वडील सही देणार असतील तर १९५६ च्या कायद्याखालचं नोंदणीकृत दत्तकपत्र लवकर होतं. त्यानंतर जन्मनोंदीत बदल करून घ्यायचा. महापालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा निबंधक सावत्र वडिलांचं दत्तक पाहून कधी कधी बिचकतो आणि न्यायालयाचा हुकूम मागतो. अशा वेळी नकार लेखी घ्या, तोंडी नकारावर पुढे दाद मागता येत नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नाव दहावीच्या बोर्डाचा फॉर्म भरण्याच्या बरंच आधी बदलून घ्या. दहावीच्या गुणपत्रिकेवर जुनं नाव गेलं की नंतर ते दुरुस्त करणं फार जिकिरीचं होतं.

आणि वडिलांनी नकारच दिला तर? तर दत्तक होणार नाही, हे मान्य करून पुढचं बघायचं. खोटं प्रतिज्ञापत्र करून ‘पत्ता माहीत नाही’ असं लिहिणं हा सगळ्यांत वाईट पर्याय आहे, कारण पुढे त्याच एका ओळीने दत्तकही जातं आणि तुमच्यावर गुन्हाही दाखल होऊ शकतो. दत्तकाशिवाय मूल सावत्र वडिलांचा वारस होत नाही, म्हणून यजमानांनी नोंदणीकृत मृत्युपत्र करावं आणि त्यात मुलाचा उल्लेख ‘माझा मुलगा’ असा मोघम न करता पूर्ण नाव, जन्मतारीख आणि ‘माझ्या पत्नीचा पहिल्या विवाहापासूनचा मुलगा’ असा करावा. विम्याचं आणि बँकेचं नामनिर्देशन बदला, पण नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे वारस नव्हे हे लक्षात ठेवा, मृत्युपत्र हवंच. पासपोर्टसाठी दत्तकाची गरज नाही. डिसेंबर २०१६ पासून अर्जात आई, वडील किंवा कायदेशीर पालक यांपैकी एकाचंच नाव पुरतं, आणि दुसऱ्या पालकाची संमती नसेल तर अर्ज करणाऱ्या पालकाने द्यायचं वेगळं प्रतिज्ञापत्र आहे. अनेकांना दत्तक हवं असतं ते खरं तर याच दोन कामांसाठी, वारसा आणि कागदावरचं नाव. पहिलं मृत्युपत्राने साधतं आणि दुसऱ्याची निकड निम्म्याने कमी होते.

जन्मदाते वडील हयात नसतील तर चित्र पूर्ण पालटतं. तेव्हा आई एकटी मूल देऊ शकते, सासरच्या कोणाची संमती लागत नाही. आजी-आजोबांची हरकत भावनिक असते, कायदेशीर नाही. सर्वोच्च न्यायालयाने २८ जुलै २०२२ च्या निकालात सांगितलं की वडिलांच्या मृत्यूनंतर आईच एकमेव नैसर्गिक पालक असते, मुलाचं आडनाव ठरवणं आणि त्याला दत्तक देणं हे दोन्ही ती करू शकते. त्या खटल्यात आजी-आजोबांनी तशी मागणी केलेली नसतानाही उच्च न्यायालयाने नव्या पतीचं नाव कागदोपत्री ‘सावत्र वडील’ असं लावायला सांगितलं होतं. तो निर्देश सर्वोच्च न्यायालयाने रद्द केला.

आता बहिणीकडे वळतो.

अविवाहित, घटस्फोटित किंवा विधवा स्त्री दोन्ही कायद्यांखाली दत्तक घेऊ शकते. ती सज्ञान आणि सुदृढ मनाची असली की आईवडील, भाऊ यांची संमती कायदा मागत नाही. एकट्या पुरुषाला बाल न्याय कायद्याखाली मुलगी घेता येत नाही. एकट्या स्त्रीला मुलगा किंवा मुलगी कोणीही चालतं. फक्त एक खबरदारी: नवऱ्यापासून वर्षानुवर्षं वेगळं राहणारी स्त्री कायद्याने एकटी नसते. घटस्फोटाचा हुकूम होईपर्यंत १९५६ च्या कायद्याखाली तिला नवऱ्याची संमती लागते, आणि २००८ च्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशाच वेगळ्या राहणाऱ्या पत्नीने घेतलेलं दत्तक अमान्य केलं होतं.

‘कारा’कडून घ्यायचं तर जन्मदात्यांची संमती शोधणं हे बहिणीचं काम नाही. ती पायरी बालकल्याण समितीपुढे आधीच झालेली असते: मूल सोपवणाऱ्या पालकांना दोन महिने फेरविचाराला मिळतात, आणि त्यानंतरच मूल दत्तकासाठी मोकळं जाहीर होतं. लग्नाबाहेर जन्मलेलं मूल आई एकटी सोपवू शकते. बहिणीला वयाचं गणित सांभाळायचं आहे. एकट्या पालकाचं वय मूल दोन वर्षांपर्यंतचं असेल तर ४० पर्यंत, दोन ते चारला ४५ पर्यंत, चार ते आठला ५० पर्यंत, त्यापुढे ५५ पर्यंत; आणि दोघांत किमान २५ वर्षांचं अंतर हवं. हे वय नोंदणीच्या तारखेचं धरतात. ती ३८ ची आहे, तान्ही मुलगी हवी असेल तर नोंदणी या वर्षीच करावी. गृहभेटीच्या अहवालासाठी, आपल्याला काही झालं तर मुलीला कोण सांभाळेल याचं नातेवाइकाचं हमीपत्र द्यावं लागतं. ते तुम्ही देऊ शकता. ही संमती नव्हे, पण कागद नसेल तर अहवाल अडतो.

‘नोकरी करणाऱ्या एकट्या बाईला मूल कसं सांभाळता येईल?’ हा प्रश्न तिला विचारला जाईलच. भुसावळच्या न्यायालयाने ४७ वर्षांच्या एका घटस्फोटित शिक्षिकेला बहिणीचं मूल दत्तक घ्यायला नेमक्या याच कारणाने नकार दिला होता. एप्रिल २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो नकार रद्द केला आणि एकटा पालक नोकरी करणाराच असणार, त्या कारणावर त्याला अपात्र ठरवता येत नाही असं म्हटलं. हे मूल नात्यातलं होतं. नात्यातल्या आणि सावत्र मुलांच्या दत्तकाला वर दिलेली वयोमर्यादा लागत नाही.

बहीण ओळखीतल्या कुटुंबातलं मूल थेट १९५६ च्या कायद्याने घेणार असेल तर त्या मुलाचे आई आणि वडील दोघांची संमती लागेल, म्हणजे तुम्हाला सांगितलेलं सगळं उलट्या बाजूने. रुग्णालयातली कोणी ओळखीची ‘बाळ मिळवून देते’ म्हणाली तर तिथून निघून यावं, तो थेट फौजदारी गुन्हा आहे.

दत्तक घेऊन पुढे बहिणीने लग्न केलं तर काय, हे बहुतेक कोणी विचारतच नाही. कलम १४ प्रमाणे तिचा नवरा त्या मुलीचा सावत्र वडील समजला जातो, दत्तक पिता नव्हे. बहिणीने १९५६ च्या कायद्याने मुलगी घेतली असेल तर तो त्या कायद्याखाली तिला नंतर दत्तक घेऊही शकत नाही, कारण एकदा दत्तक गेलेलं मूल पुन्हा दत्तक जात नाही आणि दत्तक आईला मूल दत्तक देण्याचा अधिकारच नाही. कलम ९ च्या स्पष्टीकरणात आई-वडील या शब्दांतून दत्तक आईवडील मुद्दाम वगळले आहेत. म्हणून लग्न ठरत असेल आणि मूल दोघांचं व्हावं अशी इच्छा असेल, तर आधी लग्न करून मग दत्तक घ्यावं. ‘कारा’कडे जोडप्याला मात्र लग्नाला दोन वर्षं झाल्याशिवाय अर्ज करता येत नाही, तो वेळ बहिणीने आपल्या वयाच्या हिशोबात धरावा.